लाइट येते, पण नेट येत नाही: सिमवाल्या राउटरचं आणि ट्रॅकरचं वारंवारचं दुखणं

देवरुखला आमचं मोबाइल आणि सीसीटीव्हीचं दुकान आहे. केबलचं नेट न पोचलेल्या वाड्यांमध्ये गेल्या काही वर्षांत सिमवर चालणारे राउटर भरपूर लागले, आणि त्यांच्याबरोबर एकच तक्रार आठवड्यातून तीन-चारदा येते. "तेच सिम फोनमध्ये मस्त चालत होतं. राउटरमध्ये घातलं, रेंज फुल्ल दाखवतंय, पण नेट नाही. बंद करून चालू केलं की कधी येतं, कधी नाही." गाडीत ट्रॅकर बसवलेले लोकही दुसऱ्या शब्दांत हेच सांगतात. मुळाशी बहुतेक वेळा एपीएन, म्हणजे राउटरमध्ये भरायचं एक नाव, नाहीतर रिचार्जचा प्लॅन असतो. हे दोन्ही घरबसल्या तपासता येतं, त्यासाठी माणूस बोलवायची गरज नाही.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवावा लागेल. राउटरवरच्या रेंजच्या काड्या म्हणजे इंटरनेट नव्हे. काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज राउटरला ऐकू येतोय. त्यानंतर तीन गोष्टी घडाव्या लागतात. राउटरला सिम वाचता आलं पाहिजे. मग टॉवरने त्या सिमची नोंद घेऊन त्याला एक आयपी पत्ता दिला पाहिजे. आणि त्या पत्त्यावरून डेटा खरोखर ये-जा करू लागला पाहिजे. नेट नसेल तेव्हा या तिघांतली नेमकी कोणती गोष्ट अडली ते ओळखलं, की अर्धं काम झालं.

एपीएन हे कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचं नाव. नोंदणीच्या वेळी राउटर ते नाव टॉवरला सांगतो. ४जीमध्ये नोंद होणं आणि पत्ता मिळणं एकाच झटक्यात होतं, त्यामुळे नाव चुकलं तर टॉवर कधी कधी नोंदच नाकारतो. काड्या चार दिसतात आणि नेट शून्य, त्याचं कारण हे. फोनमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण सिम कोणत्या कंपनीचं ते ओळखून फोन स्वतःच योग्य नाव भरतो. राउटरमध्येही ही सोय असते, पण जुन्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या किंवा परदेशातून आणलेल्या राउटरमध्ये ती दगा देते.

सर्वसाधारण प्रीपेड आणि पोस्टपेड सिमसाठी ही नावं लागतात. लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता, जशीच्या तशी टाइप करा:

```
Jio      jionet
Airtel   airtelgprs.com
Vi       www
BSNL     bsnlnet
```

युजरनेम आणि पासवर्ड रिकामे ठेवायचे, `Authentication` ला `None`, आणि `PDP Type` किंवा `IP Type` विचारलं तर `IPv4v6`. यंत्रांसाठीची खास १३ अंकी नंबरची सिमं असतात, त्यांना मात्र ही नावं चालत नाहीत. त्यांचा एपीएन सिम देणाऱ्याकडूनच लेखी मागून घ्या.

आता एका घराची गोष्ट सांगते. या एकाच घरात मला दोन वेगवेगळी दुखणी एकामागून एक भेटली, आणि दोन्ही वेळा तक्रारीचे शब्द जवळजवळ तेच होते.

देवरुखपासून बारा-तेरा किलोमीटरवरची वाडी. घरात काका-काकू, सून आणि कॉलेजातला नातू. पुण्याच्या भाच्याने स्वतःकडचा वापरलेला ४जी राउटर आणून बसवून दिला होता. काकूंचा फोन आला, "अगं, सगळे दिवे हिरवे आहेत, मग नेट का नाही? लाइट गेली की हे असंच होतं. भाचा फोनवरून काहीतरी दाबायला सांगतो, मग येतं. पुन्हा लाइट गेली की पुन्हा तेच." आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून दोनदा तरी जाते, म्हणजे भाच्याला दिवसातून दोनदा फोन.

"लाइट गेली की" हे शब्द ऐकले तेव्हाच माझा अंदाज पक्का होत गेला. राउटर चालू असताना नेट टिकतं आणि परत चालू झाल्यावर येत नाही, म्हणजे दोष टॉवरचा किंवा रेंजचा नाही. चालू होताना राउटर काहीतरी चुकीचं उचलतोय.

तिथे गेल्यावर राउटर बंद करून चालू केला आणि माझा फोन त्याच्या वायफायला जोडला. इथे बरेच जण अडतात. फोनमधला मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर वायफायवर इंटरनेट नाही असं पाहून फोन गुपचूप स्वतःच्या सिमवर जातो आणि राउटरचं पान उघडतच नाही. मग ब्राउझरमध्ये राउटरच्या तळाच्या स्टिकरवरचा पत्ता टाकायचा. बहुधा तो `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. पासवर्डही त्याच स्टिकरवर असतो, कोणी बदलला नसेल तर.

स्टेटसच्या पानावर हे दिसलं:

```
SIM Status:    Ready
Signal:        80%
Connection:    Disconnected
IP Address:    0.0.0.0
```

पहिली ओळ ठीक होती, म्हणजे सिम वाचलं गेलं होतं. तिथे `PIN Required` असतं तर सिमला पिन लावलेला आहे असा अर्थ झाला असता. अशा वेळी अंदाजाने आकडे टाकत बसू नये. तीन वेळा पिन चुकला की पीयूके कोड मागतो आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं जातं. त्यापेक्षा सिम फोनमध्ये घालून तिथल्या सेटिंगमधून पिन लॉक काढून टाकणं सोपं. `No SIM` असेल तर सिम नीट बसलेलं नाही, किंवा ते उलटं आहे. आणि सिम काढायचं-घालायचं ते राउटर बंद करूनच.

शेवटची ओळ महत्त्वाची. चार शून्यं म्हणजे टॉवरने पत्ता दिलेलाच नाही. म्हणून `Network` मधून `APN` किंवा `Profile` चं पान उघडलं. तिथे दोन प्रोफाइल होती. एक भाच्याच्या जुन्या कंपनीच्या सिमचं, आणि दुसरं त्याने काकूंच्या सिमसाठी नव्याने केलेलं, ज्यात एपीएन अगदी बरोबर होता. पण `Default` ची खूण जुन्या प्रोफाइलवर तशीच राहिली होती. भाच्याने नवं प्रोफाइल निवडून `Connect` दाबलं, नेट सुरू झालं आणि तो समाधानाने पुण्याला गेला. लाइट जाऊन आली की राउटर पुन्हा खूण केलेलं प्रोफाइल उचलायचा, म्हणजे दुसऱ्याच कंपनीच्या दाराचं नाव घेऊन टॉवरकडे जायचा, आणि टॉवर त्याला बाहेर ठेवायचा.

मी जुनं प्रोफाइल काढून टाकलं, नव्यावर `Set as Default` करून `Save` दाबलं. `Connection Mode` सुद्धा पाहिला. तो `On Demand` वर असेल तर काही मिनिटं कोणी नेट वापरलं नाही की राउटर आपणहून कनेक्शन सोडतो, आणि सकाळी उठल्यावर "रात्रीतून नेट गेलं" अशी तक्रार येते. तो `Always On` किंवा `Auto` वर असू द्या. मग राउटरचा प्लग काढला, अर्धा मिनिट थांबले, परत लावला. दोन मिनिटांनी पत्त्याच्या जागी `10.` ने सुरू होणारा आकडा आला. एकदा येऊन भागत नाही. मी तीन वेळा प्लग काढून लावला आणि तिन्ही वेळा नेट आपणहून आलं, तेव्हाच चहा घेतला. सेटिंग केल्यावर लाइट घालवून पाहिली नाही, तर वारंवार येणारं दुखणं गेलं असं म्हणता येत नाही.

पाचव्या दिवशी काकूंचा परत फोन. "अगं, पुन्हा नेट गेलं. दिवे सगळे हिरवे."

या वेळी मी गाडी काढली नाही, आधी दोन प्रश्न विचारले. लाइट गेली होती का? नाही. किती वाजता गेलं? "काल संध्याकाळी सहाला. परवाही साधारण तेव्हाच. सकाळी उठले तर चालू." आणि व्हॉट्सॲपचा मजकूर जातोय का? "मजकूर जातो, फोटो गोल गोल फिरत राहतो."

मजकूर जातो म्हणजे पत्ता आहे, दारही बरोबर आहे. नेट बंद नाही, ते सावकाश झालंय. आणि मध्यरात्रीनंतर आपोआप बरं होतंय. हे रोजचा डेटा संपल्याचं लक्षण आहे. काकूंच्या प्लॅनमध्ये दिवसाला २ जीबी होते. ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. २ एमबीच्या एका फोटोला त्या वेगाने चार मिनिटांच्या वर लागतात. पाठवणाऱ्याला वाटतं, नेट मेलं.

काकूंना हे पटेना, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेच सिम तोच रिचार्ज असताना नातवाच्या फोनमध्ये दिवसभर चालायचं आणि कधी संपायचं नाही. त्यांचं निरीक्षण अगदी खरं होतं आणि गोंधळाचं मूळही तेच. नातवाचा फोन ५जीचा होता. अशा प्लॅनवर जो अमर्याद डेटा मिळतो तो फोन ५जीवर असताना वापरलेला डेटा. राउटर ४जीचा, त्यामुळे त्यातून गेलेला प्रत्येक थेंब रोजच्या २ जीबीतून कापला जात होता. फोनमध्ये असताना त्या मर्यादेशी त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

दोन जीबी कुठे जातात ते राउटरच्या पानावर दिसतं. `Clients` किंवा `Statistics` मध्ये कोणत्या यंत्राने किती घेतलं याची यादी असते. काकूंना मी ते पान फोनवरून उघडायला लावलं. पहिल्या नंबरावर टीव्ही होता. दुपारी सुनेची मालिका मोठ्या टीव्हीवर, फुल एचडीमध्ये. त्या दर्जाला तासाला दीड-दोन जीबी सहज जातात. दुसरा नंबर नातवाच्या फोनचा होता. वायफाय मिळालं की फोटो आणि व्हिडिओ वर चढवायचे, असं त्याच्या फोनमध्ये लावलेलं. फोनच्या दृष्टीने वायफाय म्हणजे फुकटचं नेट. ते वायफाय सिमवर चालतंय हे त्याला माहीतच नसतं. हे नीट लक्षात घ्या, कारण फोन बदलला, नवा पाहुणा आला की हेच परत होतं. अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन `Metered` निवडलं की फोन अशी मागची कामं आवरती घेतो.

टीव्हीवर दर्जा ४८० केला, तासाला साधारण अर्ध्या जीबीवर काम आलं. नातवाच्या फोनमध्ये `Metered` लावलं. आणि रोजच्या मर्यादेऐवजी एकरकमी डेटा देणारा प्लॅन घेतला, म्हणजे एखाद्या दिवशी जास्त गेला तर दुसऱ्या दिवशी कमी वापरून जमवता येतं. राउटरसाठी मला स्वतःला तसाच प्लॅन योग्य वाटतो. घरातल्या चार माणसांचा वापर एका माणसाच्या रोजच्या मापात बसत नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. जिओफोन आणि जिओभारतसारख्या फोनचे स्वस्त प्लॅन त्या त्या फोनलाच बांधलेले असतात, ते सिम राउटरमध्ये घालून नेट मिळत नाही. एपीएन दहादा बदलला तरी नाही.

या दोन्हींपेक्षा वेगळी अशी एक तिसरी तक्रार असते. "यूट्यूब चालतं, गुगल चालतं, पण बँकेची साइट उघडत नाही." ही ऐकली की लोक बँकेला दोष देतात. बहुतेकदा `PDP Type` नुसतं `IPv6` वर गेलेलं असतं. मोठ्या कंपन्यांच्या साइट नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर आहेत, त्या उघडतात. जुन्याच पत्त्यांवर असलेल्या अडतात. `IPv4v6` करून राउटर परत चालू करा. त्यानेही नाही झालं तर नुसतं `IPv4` करून पाहा.

आणि काहीच उघडत नसेल पण पत्ता आलेला असेल, तर लॅपटॉपवर या दोन ओळी एकेक करून चालवा:

```
ping 8.8.8.8
ping google.com
```

पहिलीला उत्तर आलं आणि दुसरीला नाही, तर नेट चालू आहे, फक्त नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा अडली आहे. राउटरच्या `DNS` च्या जागी `8.8.8.8` आणि `1.1.1.1` हाताने भरा. दोन्हींना उत्तर नाही, तर रिचार्जची मुदत पाहा. दोन्हींना उत्तर येतं पण हजार-दोन हजार मिलिसेकंदांनी, तर वर सांगितलेला डेटा संपल्याचा प्रकार, नाहीतर रेंज.

रेंजबद्दल थोडंच सांगते. टक्के आणि काड्या सोडा, सिग्नलचा खरा जोर सांगणारा `RSRP` चा आकडा पाहा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. `-95` च्या अलीकडे असेल तर उत्तम, `-105` पर्यंत चालतं, `-115` च्या पलीकडे गेला की कनेक्शन तुटत राहणार. जांभ्याच्या जाड भिंतींत हा आकडा खोलीगणिक बदलतो. काकूंचा राउटर टीव्हीमागच्या कोपऱ्यात होता तेव्हा `-111` होता, माळ्यावरच्या खिडकीत ठेवला तर `-97`. परदेशातून आणलेल्या राउटरची एक वेगळी अडचण असते. आपल्याकडच्या कंपन्या वापरतात त्यातले काही बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, उदाहरणार्थ ४० नंबरचा, त्यात नसतात. फोनला रेंज फुल्ल आणि शेजारच्या राउटरला एक काडी, असं दिसलं तर राउटरच्या खोक्यावरची बँडची यादी वाचा. हा दोष सेटिंगने जात नाही.

कॅमेरे लावणाऱ्यांसाठी इथेच सांगून ठेवते. राउटरला मिळालेला पत्ता `10.` ने सुरू होत असेल, किंवा `100.64` ते `100.127` यांच्या मधला असेल, तर तो कंपनीच्या आतला पत्ता आहे आणि तुमच्यासारख्या अनेकांमध्ये वाटून दिलेला आहे. बाहेरून त्यावर येता येत नाही. म्हणून सिमवाल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केलं तरी मुंबईतून गावचा कॅमेरा दिसणार नाही. डीव्हीआरच्या क्यूआर कोडने चालणाऱ्या ॲपमधून पाहा, ते चालतं, कारण तिथे डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन जोडणी करतो.

आता ट्रॅकर. दुखणी तीच, पण पडदा नाही, पान नाही, सगळा संवाद एसएमएसवर. त्यामुळे माणूस जास्त गोंधळतो.

आमच्याकडे एक भाऊ आहेत, त्यांची पिकअप देवरुखहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते. ट्रॅकर नवा घेतला, ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून. घरातलं जिओचं जादा सिम त्यात घातलं. यंत्रावरचा जीपीएसचा दिवा स्थिर, पण ॲपवर गाडी `Offline`. त्यांनी तीन वेळा विकणाऱ्याकडे बदलून मागितला, तिन्ही यंत्रं तशीच निघाली.

तिन्ही यंत्रं चांगली होती. जीपीएसचा दिवा स्थिर म्हणजे उपग्रहांकडून यंत्राला स्वतःची जागा कळली. ती जागा सर्व्हरला कळवायला सिम लागतं, आणि दुसरा दिवा, जो नेटवर्कचा, तो नुसताच लुकलुकत होता. स्वस्त ट्रॅकर बहुधा २जीचे असतात. जिओच्या जाळ्यात २जी आणि ३जी नाहीच, २०१६ मध्ये ते सुरू झालं तेच थेट ४जीवर. दोघांची भाषाच वेगळी, तिथे एपीएन काय करणार? खोक्यावर `GSM 850/900/1800/1900` एवढंच लिहिलेलं असेल आणि `LTE` कुठेच नसेल, तर तो २जी ट्रॅकर समजा. त्याला एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम लागतं. नव्याने घेणार असाल तर मी ४जीचाच घ्या म्हणेन.

भाऊंनी एअरटेलचं सिम घेतलं. पिन लॉक नाही याची फोनमध्ये घालून खात्री केली, नेट चालतं ते पाहिलं, आणि मगच ट्रॅकरमध्ये घातलं. मग दुसऱ्या फोनवरून त्या नंबरला एकेक एसएमएस पाठवला. बाजारातल्या पुष्कळ ट्रॅकरना ही आज्ञांची पद्धत चालते. तुमच्या यंत्राची वेगळी असेल तर त्याच्या चिठ्ठीतली वापरा:

```
APN,airtelgprs.com#
SERVER,1,gps.example.com,5023,0#
STATUS#
```

दुसऱ्या ओळीत तुमच्या ॲपवाल्याने दिलेला सर्व्हर आणि पोर्ट टाकायचा. स्वल्पविरामांनंतर जागा सोडायची नाही आणि शेवटचा `#` विसरायचा नाही. फोनचा कीबोर्ड कधी कधी आपणहून जागा घालतो, म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचा.

पहिल्या दोन्ही एसएमएसना काही उत्तर आलं नाही. भाऊ म्हणाले, "ताई, हे पण यंत्र गेलं बघ." पण सिम फोनमध्ये घालून तपासलं तेव्हा कळलं, रिचार्ज नुसता डेटाचा होता, त्यात एसएमएस नव्हते. यंत्र आज्ञा वाचत होतं, उत्तर पाठवू शकत नव्हतं. ट्रॅकरच्या सिमवर महिन्याला दोन-चार एसएमएस तरी जातील असा प्लॅन हवा. अजून एक कारण लक्षात ठेवा. सिम हरवल्यामुळे किंवा खराब झाल्यामुळे त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, तर सुरक्षेसाठी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येणं-जाणं बंद असतं. त्या दिवशी कितीही आज्ञा पाठवल्या तरी उत्तर येणार नाही. दुसऱ्या दिवशी पाठवा.

प्लॅन बदलल्यावर `STATUS#` चं उत्तर आलं. त्यात बघायचा शब्द एकच:

```
GPRS:Link Up
```

`Link Up` म्हणजे दार उघडलं आणि सर्व्हरशी जोडणी झाली. `Link Down` आला आणि त्याच उत्तरात सिग्नल `Strong` असेल, तर एपीएन नाहीतर सर्व्हरची ओळ चुकली आहे. आधी एपीएनची आज्ञा परत पाठवायची, दोन मिनिटं थांबून पुन्हा `STATUS#`.

भाऊंची गाडी नकाशावर आली. पण पुढच्या दोन महिन्यांत ती दोनदा गायब झाली, आणि ही दोन्ही कारणं ट्रॅकरमध्ये सर्रास असतात.

पहिलं कारण सिमच्या मापाचं. ट्रॅकरचा खण मोठ्या सिमचा होता आणि भाऊंनी छोटं नॅनो सिम प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवून घातलं होतं. घरातल्या राउटरमध्ये हे चालून जातं. घाटात मालाने भरलेल्या पिकअपमध्ये खड्ड्याखड्ड्याला सिम एक केस हलतं, आणि तांब्याच्या टोकांवरून सुटतं. ओळखायची खूण अशी की गाडी चालत्या रस्त्यावर एका ठिकाणी गायब होते आणि कित्येक तास येत नाही. रेंज नसल्यामुळे गेलेली गाडी वेगळी दिसते. घाट संपला की ती परत येते आणि मधल्या रस्त्याची रेघही पुष्कळदा भरून निघते, कारण बरेच ट्रॅकर रेंज नसताना नोंदी साठवून ठेवतात. नवं सिम घेताना कार्डावर तिन्ही मापांच्या खुणा असतात. ट्रॅकरसाठी खणाच्या मापाचा तुकडाच तोडून घ्या, चौकट वापरू नका.

दुसरं कारण २८ दिवसांचं. भाऊ दर महिन्याच्या पाच तारखेला रिचार्ज करायचे. प्लॅन २८ दिवसांचा होता. ५ जुलैला केलेला रिचार्ज १ ऑगस्टला संपला आणि गाडी पाच तारखेपर्यंत तीन दिवस दिसली नाही. फोनमधल्या सिमला मुदत संपत आल्याचे मेसेज येतात ते आपण वाचतो. ट्रॅकरमधल्या सिमचे मेसेज डॅशबोर्डच्या आत जातात, ते कोण वाचणार? भाऊंनी कंपनीच्या ॲपमध्ये तो नंबर स्वतःच्या नंबरबरोबर जोडून घेतला आणि ३६५ दिवसांचा प्लॅन टाकला. संपण्याची तारीख मी खडूने नाही, ऑइल पेंटने त्यांच्या पिकअपच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून दिली, विम्याच्या आणि पीयूसीच्या तारखेखाली.